घड्याळ सॅमसंगचं, फोन दुसऱ्या कंपनीचा: ईसीजी आणि बीपी कुठे जातं?

प्रश्न: बाबांसाठी गॅलक्सी वॉच 6 घेतलं. ते 68 वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, म्हणून मुद्दाम ईसीजी आणि बीपी असलेलं घड्याळ शोधलं. त्यांचा फोन रेडमीचा आहे. घड्याळ जोडलं गेलं, पावलं, झोप, हृदयाचे ठोके सगळं दिसतं. पण ईसीजी आणि बीपी काही केल्या चालू होत नाही. शिवाय व्हॉट्सॲपचे मेसेज घड्याळावर कधी येतात, कधी येत नाहीत. घड्याळच खराब निघालं का? भाऊ त्याचा आयफोन बाबांना देतो म्हणतोय, त्याने काम होईल का?

उत्तर: घड्याळ खराब नाही. आणि भावाला आयफोन त्याच्याकडेच ठेवू द्या, कारण आयफोनला हे घड्याळ जोडलंच जाणार नाही. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणं अगदी वेगळी आहेत. ईसीजी-बीपीला सॅमसंगनेच कुलूप लावलेलं आहे, ते रेडमीवर उघडत नाही. मेसेजची गडबड मात्र रेडमीच्या सेटिंगमुळे होते आणि ती आज संध्याकाळी घरी बसून दुरुस्त करता येईल. फोन-घड्याळं जोडून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि दुकानात येणारे बहुतेक जण ही दोन कारणं एकात एक मिसळून येतात. मग जे सुधारण्यासारखं असतं तेही सोडून देतात आणि जे सुधारणार नाही त्यासाठी घड्याळ तीन-तीनदा रीसेट करत बसतात.

आधी ईसीजीचं बघू, कारण घड्याळ त्यासाठीच घेतलंय.

ईसीजी घेण्यासाठी लागणारं सगळं त्या घड्याळातच आहे. एक इलेक्ट्रोड मागच्या बाजूला, मनगटाला टेकलेला. दुसरा वरच्या बटणात. दुसऱ्या हाताचं बोट त्या बटणावर 30 सेकंद हलकेच टेकवलं की एका हातापासून छातीतून दुसऱ्या हातापर्यंत वर्तुळ पूर्ण होतं आणि ठोक्यांची रेघ उमटते. यात फोनचा काहीच हात नाही. पण ही रेघ काढणारं ॲप वेगळं आहे. रोजची पावलं आणि झोप `Samsung Health` मध्ये दिसतात. ईसीजी, बीपी आणि ठोक्यांची लय अनियमित असल्याची सूचना या गोष्टी `Samsung Health Monitor` नावाच्या दुसऱ्याच ॲपमध्ये आहेत. नावं इतकी सारखी आहेत की पहिलं टाकलं म्हणजे दुसरंही आलंच, असं लोकांना वाटतं.

हे दुसरं ॲप फोनवर आणि घड्याळावर अशा दोन्हीकडे लागतं, आणि घड्याळावरचा भाग फोनवरच्या भागाने परवानगी दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. फोनवरचा भाग फक्त सॅमसंगच्या फोनवर चालतो. तो सॅमसंगच्या स्वतःच्या `Galaxy Store` मधून येतो आणि ते दुकान रेडमीवर नसतंच. तुम्ही घड्याळावर ते ॲप उघडलं असेल, तर फोनवर जाऊन आधी नोंदणी पूर्ण करा अशा अर्थाचा संदेश आला असेल, आणि फोनवर तसं काहीच सापडलं नसेल. हा संदेश येणं हीच खूण आहे. घड्याळाचा सेन्सर बिघडला असता तर ठोकेही नीट दिसले नसते, किंवा मोजणी सुरू होऊन अर्ध्यात तुटली असती.

ईसीजीसाठी सॅमसंगचाच फोन लागावा असं तांत्रिक कारण मला तरी दिसत नाही. हे ॲप वैद्यकीय उपकरणात मोडतं, त्याला देशोदेशीच्या नियामकांची मान्यता घ्यावी लागते. कोरियात 2020 मध्ये बीपी आणि ईसीजी दोन्हींना मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याच वर्षी ईसीजीला मिळाली, पण बीपी तिथल्या घड्याळांत तेव्हा सुरू झालं नाही. म्हणजे काय मिळणार हे देशावरही ठरतं. पण घड्याळ अँड्रॉइडच्या कुठल्याही फोनला जोडायला देऊन नेमकं हेच मागे ठेवायचं, हा कंपनीचा निर्णय आहे. ग्राहकाला हे खोक्यावर ठळक दिसायला हवं, बारीक अक्षरातल्या तळटीपेत नव्हे. वडिलांसाठी, आईसाठी घड्याळ घेणाऱ्या माणसाची यात फसगत होते आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

बीपीचं गणित आणखी एक पायरी खोल आहे. घड्याळ रक्तदाब थेट मोजत नाही. मागचे हिरवे दिवे त्वचेखालच्या रक्ताची लाट बघतात, आणि तुम्ही दंडाच्या मशीनवर घेतलेल्या आकड्याच्या तुलनेत ती लाट किती बदलली यावरून अंदाज काढतात. म्हणून सुरुवातीला दंडाच्या मशीनने तीनदा रक्तदाब घ्यायचा, त्याचे आकडे फोनवरच्या ॲपमध्ये टाकायचे आणि मग घड्याळ तो पाया धरून चालतं. हा पाया 28 दिवस टिकतो. नंतर पुन्हा तीनदा मोजल्याशिवाय घड्याळ बीपी दाखवत नाही. त्यामुळे मित्राच्या सॅमसंग फोनवर एकदा सुरू करून घ्यायचं आणि मग परत रेडमीला जोडायचं, ही युक्ती चालत नाही. फोन बदलला की ॲपची ती बांधणीच सुटते, आणि समजा नसती सुटली तरी 28 दिवसांनी तोच फोन पुन्हा मागायला जावं लागलं असतं.

इंटरनेटवर या ॲपच्या बदललेल्या प्रती फिरतात. त्या फोनची आणि देशाची तपासणी काढून टाकतात, आणि रेडमीवर ईसीजी सुरूही होतो. गिऱ्हाईक येऊन म्हणतात, टाकून द्या ना. तरुण माणूस हौसेखातर स्वतःच्या घड्याळावर करत असेल तर त्याची मर्जी, पण गोळी चालू असलेल्या 68 वर्षांच्या माणसासाठी मी ती टाकून देत नाही. ती प्रत कोणी बदलली, बाबांच्या नोंदी कुठे जातात, हे कोणालाच सांगता येत नाही. घड्याळाचं पुढचं अपडेट आलं की ती मधेच बंद पडू शकते. आणि बाबा त्या आकड्यावर विसंबले असतील तर तो आकडा बरोबर आहे याची जबाबदारी घेणारं त्या वेळी कोणीच नसेल.

मग उपाय काय? माझ्याकडे येणारे एक काका आहेत, एसटीतून निवृत्त झालेले. त्यांची गत अगदी तुमच्या बाबांसारखी होती, फक्त फोन विवोचा होता. मुलगा घड्याळ परत करायला निघाला होता. मी विचारलं, घरात सॅमसंगचा फोन कोणाकडे आहे? कपाटात एक जुना गॅलक्सी एम 31 निघाला. काचेचा कोपरा फुटलेला, पण बॅटरी दिवसभर टिकणारी. वॉच 6 ला अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढचं लागतं. त्या फोनवर 12 होतं.

आम्ही घड्याळ विवोपासून तोडून एम 31 ला जोडलं. आधी घड्याळ फोनशी जोडणारं `Galaxy Wearable`, मग `Samsung Health`, आणि मग ईसीजीचं पान उघडल्यावर फोनने `Samsung Health Monitor` उतरवून घ्यायला सांगितलं. त्यात जन्मतारीख विचारतात, कारण ही सोय 22 वर्षांपुढच्यांसाठी आहे. काकांना खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसवलं. घड्याळ डाव्या मनगटावर, हाडापासून बोटभर वर, पट्टा नेहमीपेक्षा एक भोक घट्ट. मशीनचा पट्टा उजव्या दंडावर. पहिला आकडा आला 146/90. काका बोलत होते, म्हणून तो सोडून दिला आणि पुन्हा घेतला. मग 138/86, 136/84, 137/86 असे तीन आकडे भरले. त्यानंतर घड्याळाने स्वतःहून मोजलं ते मशीनच्या जवळपास आलं. तो पहिला, बडबडीतला आकडा भरला असता तर पुढचे 28 दिवस घड्याळ सगळंच चढं दाखवत राहिलं असतं. ही चूक मी खूप घरांत बघितली आहे, आणि दोष मात्र घड्याळाच्या माथी मारला जातो.

काकांनी शेवटी सिमच एम 31 मध्ये घातलं आणि विवो काकूंना दिला. हा सगळ्यांत सरळ मार्ग आहे. तुमच्या घरातही आई, बहीण, कोणाकडे सॅमसंगचा बरा फोन असेल तर अदलाबदल करा. बाबांना रेडमीच हवा असेल तर दुसरा मार्ग असा: जुना सॅमसंग घरच्या वाय-फायवर ठेवायचा आणि घड्याळ त्यालाच जोडलेलं ठेवायचं. ईसीजी बाहेर असतानाही घेता येईल, नोंद नंतर फोनमध्ये जाईल. पण घड्याळ एका वेळी एकाच फोनचं असतं. रेडमीवर आलेले फोन आणि मेसेज मग मनगटावर येणार नाहीत. बाबांना जास्त गरज कशाची आहे हे त्यांनाच विचारा. माझ्या अनुभवात वयस्कर माणसं बऱ्याचदा सांगतात की फोन वाजलेला मनगटावर कळला तर बरं, ईसीजी महिन्यातून एकदाच बघतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बाबांना आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल, किंवा ठोक्यांची लय बिघडलेली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर घड्याळातलं बीपी वापरू नका असं कंपनीच सांगते. ईसीजीची ती एक रेघ हार्ट अटॅक ओळखत नाही. ती फक्त लय नेहमीची आहे की एट्रियल फिब्रिलेशनसारखी, म्हणजे ठोके बेताल पडतात तशी, एवढंच सांगते, आणि पुष्कळदा काहीच ठरवता आलं नाही असंही दाखवते. छातीत दुखलं तर घड्याळावर बोट ठेवून 30 सेकंद बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. हे बाबांना आधीच बजावून ठेवा.

रेडमीवर काय शिल्लक राहतं तेही बघा, कारण ते थोडं नाही. ठोके ठरावीक आकड्याच्या वर किंवा खाली गेल्याची सूचना `Samsung Health` मध्ये आहे आणि ती रेडमीवर चालते. लोक ही सूचना आणि लय अनियमित असल्याची सूचना एकच समजतात. पहिली वेग बघते, दुसरी ताल. वेगाची मिळेल, तालाची मिळणार नाही. रक्तातला ऑक्सिजन, झोपेचे टप्पे, शरीरातल्या चरबी-स्नायूंचा अंदाज, नकाशा, घड्याळावरून फोन उचलणं, मेसेजला उत्तर देणं, हे सगळं सुरू राहतं. बारीकसारीक काही जातं: घड्याळावरून फोनचा कॅमेरा चालवणं, आणि फोन शांत केला की घड्याळही आपोआप शांत होणं. हे दुसरं मात्र लक्षात ठेवा. बाबा रात्री रेडमी गप्प करून झोपतील आणि घड्याळ मनगटावर थरथरत राहील. घड्याळावरचा झोपेचा मोड वेगळा लावून द्या, वेळ ठरवून दिली की रोज आपोआप लागतो.

आता मेसेजचं. सॅमसंगचा याच्याशी संबंध नाही. रेडमी बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करून टाकतो, आणि घड्याळाला मेसेज पोचवणारं ॲप नेमकं मागेच चालत असतं. खात्री करायची असेल तर हे करून बघा. तासभर मेसेज आले नाहीत की फोनवर `Galaxy Wearable` उघडा. उघडल्या उघडल्या घड्याळ पुन्हा जोडलं गेलं आणि मेसेज धडाधड यायला लागले, तर रोग हाच.

त्यासाठी रेडमीच्या `Settings` मध्ये `Apps`, मग `Manage apps`, मग `Galaxy Wearable` उघडा. `Autostart` चालू करा आणि `Battery saver` मध्ये `No restrictions` निवडा. हेच `Samsung Health` ला करा, आणि घड्याळ जोडताना आपोआप उतरलेलं घड्याळाच्या मॉडेलच्या नावाचं जे तिसरं ॲप आहे त्यालाही करा. हे तिसरं बहुतेकांकडून राहतं, आणि मग दोन दिवस बरं चालून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी उघड्या ॲपच्या यादीत `Galaxy Wearable` दाबून धरा आणि कुलपाचं चिन्ह दाबा, म्हणजे बाबांनी सवयीने सगळी ॲप पुसली तरी ते तगून राहील. फोनचं मोठं अपडेट आल्यावर या परवानग्या पुन्हा एकदा तपासा, कधी कधी त्या मूळ पदावर जातात.

एवढं करूनही एखादा मेसेज आला नाही असं वाटलं, तर त्या वेळी बाबांच्या हातात फोन उघडा होता का विचारा. फोन वापरात असताना घड्याळावर सूचना दाखवायच्या की नाही याचं वेगळं सेटिंग आहे, आणि ते बंद असेल तर घड्याळ मुद्दाम गप्प राहतं.

राहिला भावाचा आयफोन. सॅमसंगची 2021 पर्यंतची घड्याळं टायझेन नावाच्या प्रणालीवर चालायची आणि आयफोनला जोडली जायची. ऑगस्ट 2021 मध्ये वॉच 4 आलं, ते गूगलच्या वेअर ओएसवर, आणि तिथून पुढच्या सगळ्या गॅलक्सी वॉचनी आयफोन सोडला. इथे काही फीचर कमी मिळतील असं नाही, जोडणीच होत नाही. एखादा विक्रेता म्हणेल, मग जुनं वॉच 3 घ्या, आयफोनला चालतं. चालतं, पण त्या घड्याळांसाठी नवीन ॲप देणं सॅमसंगने 2025 मध्ये थांबवलं आहे आणि आयफोनला जोडल्यावर ईसीजी तिथेही मिळत नाही.

आयफोनशी दुसऱ्या कंपनीचं कुठलंही घड्याळ जोडा, गार्मिन घ्या नाहीतर अमेझफिट, एक गोष्ट सगळीकडे सारखीच अडते: मेसेज वाचता येतो, घड्याळावरून उत्तर देता येत नाही. तेच घड्याळ अँड्रॉइडला जोडलं की ठरलेली छोटी उत्तरं पाठवता येतात. ॲपल बाहेरच्या घड्याळाला ब्लूटूथवरून सूचनेचा मजकूर देतो आणि फार तर दोन बटणं देतो, होकाराचं आणि नकाराचं. फोन उचला किंवा कापा, सूचना काढून टाका, एवढंच. शब्द परत पाठवायला वाटच नाही. घड्याळ बनवणाऱ्यांना कितीही वाटलं तरी ते हे बदलू शकत नाहीत. युरोपीय संघाने 2025 मध्ये ॲपलला सूचनांची दारं उघडायला सांगितली आहेत, पण तो नियम तिथल्या ग्राहकांपुरता आहे.

बाबा आयफोनच वापरणार असं घरात ठरलं, तर त्यांना ॲपल वॉच लागेल, आणि तेही ईसीजी असलेलं, कारण त्यांच्या स्वस्त एसई मॉडेलमध्ये ईसीजी नाही. त्यात बीपीचा आकडाही मिळत नाही. उलट ॲपल वॉच घेऊन रेडमीला जोडायचा विचार मनातही आणू नका, ते अँड्रॉइडला जोडलंच जात नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आज परत करण्याची मुदत किती दिवस उरली आहे ते आधी बघितलं असतं. मग घरात किंवा नातेवाइकांत अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढचा सॅमसंग शोधला असता. मिळाला तर त्यावर एकदा ईसीजी घेऊन आणि तीन वाचनांनी बीपी बसवून बघा, बाबांना ते रोज जमतंय का हे आठवड्यात कळेल. सॅमसंग मिळाला नाही आणि बाबांना रेडमी सोडायचा नसेल, तर मुदत संपायच्या आत घड्याळ परत करा आणि त्यातल्या थोड्या पैशांत दंडाला बांधायचं चांगलं बीपी मशीन घ्या. ते कुठल्याही फोनशिवाय चालतं, आणि घड्याळ ठेवलं तरी दर 28 दिवसांनी तेच लागणार आहे.